पोलिसात जायचं की कोर्टात अर्ज करायचा?
(महिला बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत वनहक्काचे दावे, मोजणी, फॉरेस्टच्या केसेस एवढंच चालतं. मागच्या खेपेला एका बाईनं उठून विचारलं, फॉरेस्टवाल्यांनी झोपडी मोडली तर तुम्ही मोर्चा काढता, नवऱ्यानं हात मोडला तर काय काढता? सगळे हसले. ती हसली नाही. म्हणून आज तेवढ्याच विषयावर बोलायचं ठरवलं आहे.

आपल्या पाड्यांवर बाईला मार बसला की एकच सल्ला मिळतो, "जा, पोलिसात केस कर." खरं म्हणजे वाटा दोन आहेत. एक पोलिसातली फौजदारी तक्रार. दुसरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली कोर्टात करायचा अर्ज आणि त्यातून मिळणारा संरक्षण आदेश. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून चालू आहे, तरी आपल्याकडं पुष्कळांना त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. दोन्ही वाटा वेगळ्या ठिकाणी पोचतात. जिला घर पाहिजे ती पोलिसात जाते, तिथं घर मिळत नाही, मग ती म्हणते कायद्यात काही दम नाही. आम्ही हे बऱ्याचदा पाहिलं आहे.

एका बहिणीची गोष्ट सांगतो. दोन-तीन बायांचं मिळून एक करून सांगतो आहोत, म्हणजे कुणी ओळखणार नाही आणि कुणाला वाईट वाटणार नाही.

ही बहीण अकरा वर्षं एका माणसाबरोबर संसार करते. दोन पोरं. लगीन लागलेलं नाही, कारण देज आणि जेवणावळीला पैसे नव्हते. आपल्यात हे नवीन नाही, पोरांच्या मांडवात आईबापाचं लगीन लागतं. प्लॉटचा दावा दोघांच्या नावानं केला होता आणि पट्टा दोघांच्या नावानं आला. दिवाळीनंतर दोघं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल मात्र नवऱ्याच्या हातात मिळते.

एका वर्षी उचल मिळाली आणि ती सगळी दारूत गेली. तिनं पोरांच्या कपड्यांना पैसे मागितले तर त्यानं काठीनं पाठ फोडली. ती तशीच चालत पोलीस ठाण्यात गेली. तिथं तिचं म्हणणं लिहून घेतलं, एक कागद दिला. तिला वाटलं केस झाली. तो कागद आमच्याकडं आणला तेव्हा पाहिलं, वर लिहिलं होतं "अदखलपात्र". ज्याला आपण एन.सी. म्हणतो ते.

हे नीट समजून घ्या. साधी दुखापत हा कायद्यानं अदखलपात्र गुन्हा आहे. एन.सी. नोंदवली म्हणजे पोलिसांनी फक्त वहीत लिहिलं. कोर्टाची परवानगी असल्याशिवाय ते तपास करत नाहीत, वॉरंटाशिवाय कुणाला धरत नाहीत. तुमच्या हातातल्या कागदावर एफ.आय.आर. असं लिहिलं आहे की एन.सी., हे ठाण्याच्या पायरीवरच कुणाकडून तरी वाचून घ्या. एफ.आय.आर.ची नक्कल फुकट द्यावी लागते. एन.सी.चा कागदसुद्धा फेकून देऊ नका, त्याचं काम पुढं आहे.

बायकोला नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळलं तर त्याला वेगळं कलम आहे. आधी ते ४९८-अ होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते कलम ८५ झालं, आणि छळ कशाला म्हणायचं ते ८६ मध्ये लिहिलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. पण एखाद दिवशीचा मार त्यात बसेलच असं नाही. बाई जिवाचं बरंवाईट करून घेईल किंवा तिच्या जिवाला, अंगाला, तब्येतीला मोठा धोका होईल असं वागणं, नाहीतर पैशासाठी, वस्तूसाठी छळणं, असं काही दाखवावं लागतं. म्हणून सांगताना नुसतं "मारलं" म्हणून थांबू नका. किती वर्षांपासून, कशानं, कशासाठी, आधी कधी दवाखान्यात गेलात, हे सगळं लिहायला लावा.

तर पुढं काय झालं? पावसाळा संपता संपता नवऱ्यानं अर्धा प्लॉट एका व्यापाऱ्याला स्टॅम्प पेपरवर लिहून दिला आणि हिला म्हणाला अंगठा लाव. हिनं लावला नाही. त्यानं हात पिरगाळला, मनगटाचं हाड मोडलं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी कागद केला, पोलिसांना कळवलं. हाड मोडलं, दात पडला की कायद्यात ती गंभीर दुखापत होते, आणि ती दखलपात्र आहे. या वेळी कलम ८५ आणि गंभीर दुखापतीचं कलम लावून एफ.आय.आर. झाला. पाड्यावर सगळे म्हणाले, आता तो आत जाणार.

तो संध्याकाळी घरी आला.

लोक म्हणाले पोलिसांनी पैसे खाल्ले. तसं होत नाही असं आम्ही म्हणणार नाही, पण इथं कारण वेगळं होतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटक का पाहिजे याची कारणं लिहायची आणि गरज नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अर्नेश कुमारच्या निकालात सांगितलं. आपल्या पोरांना फॉरेस्टच्या केसमध्ये उचलतात तेव्हा आपण हाच निकाल दाखवतो. तो बाईच्या केसमध्येही लागू आहे. त्यामुळं एफ.आय.आर. झाला म्हणजे माणूस घराबाहेर गेला असं समजू नका. उलट ती रात्र सगळ्यात धोक्याची असते. आमच्या या बहिणीला सासूनं आणि दिरानं त्याच रात्री घराबाहेर काढलं, "केस घालतेस काय?" म्हणून. पोरांना घेऊन ती माहेरी गेली.

मग चार्जशीट झालं, तारखा सुरू झाल्या. त्या केसमध्ये वादी सरकार आहे आणि बाई साक्षीदार. सरकारी वकील चालवणार. गुन्हा शंकेला जागा राहणार नाही असा शाबीत करावा लागणार. तिला मधेच वाटलं मागं घ्यावं, तर एका सहीनं मागं घेता येत नाही. शिवाय वकिलानं पहिलाच मुद्दा काढला, "लगीनच झालेलं नाही, मग हा नवरा कसा? कलम ८५ लागतच नाही." आपल्या समाजात अकरा वर्षांचा संसार हा नवरा-बायकोचाच असतो. पण फौजदारी कोर्टात असा वाद उभा राहतो आणि त्यात वर्षं जातात.

आणि समजा शिक्षा झाली. तरी त्या निकालात बाईनं कुठं राहायचं, प्लॉट कोण कसणार, पोरं कुणाकडं, खर्च कोण देणार, यातलं एक अक्षर नसतं. फौजदारी तक्रार मागं जे घडलं त्याची शिक्षा मागते. उद्या सकाळी बाईनं कुठं जायचं हे ती ठरवत नाही.

ते ठरवायला दुसरी वाट आहे.

या कायद्यात बाई स्वतः अर्जदार असते. अर्ज कलम १२ खाली, तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. जिथं ती आता राहते, तात्पुरती माहेरी असली तरी, तिथल्या कोर्टात करता येतो. नवऱ्याच्या तालुक्यात जाण्याची सक्ती नाही. त्याआधी एफ.आय.आर. झालाच पाहिजे असंही नाही. सरकारनं संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, महिला व बालविकास खात्याकडं चौकशी केली की तुमच्या भागाचा कोण ते कळतं. त्यांनी घडलेल्या घटनांचा अहवाल भरायचा आणि अर्जाला मदत करायची. पण अधिकारी भेटत नाही म्हणून अर्ज अडत नाही, त्या अहवालाशिवायही कोर्ट आदेश देऊ शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलाचे पैसे नसले तर तालुका विधी सेवा समितीत जा, कोर्टातच तिचं ऑफिस असतं. बाईला आणि आदिवासीला वकील फुकट मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००.

लगीन न लागलेल्या आपल्या बायांसाठी मोठी गोष्ट म्हणजे, या कायद्यात लग्नासारखं नातं असलं तरी चालतं. नवरा-बायको म्हणून एका घरात राहिले, लोक तसंच ओळखतात, हे दाखवायचं. आमच्या बहिणीनं काय दाखवलं? रेशनकार्ड. रोजगार हमीचं जॉबकार्ड, त्यात दोघांची नावं. पोरांचे जन्मदाखले, बापाच्या नावासकट. आणि वनहक्काचा पट्टा, ज्यावर पती-पत्नी म्हणून दोघांची नावं होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलंच आहे की जोडप्याचा पट्टा दोघांच्या नावानं निघाला पाहिजे. दावा भरताना काही भाऊ म्हणतात बाईचं नाव कशाला, उगाच जागा अडते. त्यांनी हे ऐकून ठेवावं.

हिंसा म्हणजे नुसतं मारणं असंही हा कायदा म्हणत नाही. शिव्या, अपमान, जबरदस्तीचा संबंध हे त्यात आहे, आणि पैशाचा छळसुद्धा आहे. दोघांच्या कामाची उचल एकट्यानं उडवणं, घरात दाणा न ठेवणं, प्लॉटवर पाय ठेवू न देणं हे सगळं अर्जात लिहिता येतं. पोलीस ठाण्यात याला कुणी विचारत नव्हतं. आणि बायकोच नव्हे, आई, विधवा भावजय, बहीण, एका घरात राहणारी नात्यातली कुणीही बाई अर्ज करू शकते. नवरा मेल्यावर दिरानं प्लॉटवरून हाकललेल्या बाया आपल्या पाड्यांवर किती आहेत ते मोजा.

आता अर्जात काय मागायचं. इथं बहुतेक अर्ज कच्चे राहतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या बहिणीच्या पहिल्या अर्जात लिहिलं होतं, "सामनेवाल्यानं मला त्रास देऊ नये." असा आदेश मिळाला तर तो पाळला की मोडला हे कोण ठरवणार? आम्ही वकिलांना बसवून अर्ज दुरुस्त करून घेतला. एक, त्यानं आणि दिरानं तिला मारू नये, धमकावू नये, अमुक पाड्यावरच्या तिच्या राहत्या खोलीत आणि पोरांच्या शाळेत जाऊ नये. दोन, अमुक नंबरच्या पट्ट्याच्या प्लॉटमध्ये तिला कसायला अडवू नये आणि तो प्लॉट कुणाला विकू, गहाण टाकू किंवा खंडानं देऊ नये. वनपट्टा असाही विकता येत नाही, वारसानं जातो, तेवढाच. व्यापाऱ्याच्या स्टॅम्प पेपरला कायद्यात किंमत नाही, पण प्रत्यक्षात नांगर त्याचाच फिरतो, म्हणून आदेशात नाव घेऊन लिहून घ्यायचं. तीन, घरातून तिला काढू नये आणि तिला परत घरात घ्यावं. घर सासऱ्याच्या नावावर असो, नाहीतर कुणाच्याच नावावर नसो, जिथं ती संसार करत होती तिथं राहण्याचा हक्क कलम १७ देतं, मालकीचा कागद लागत नाही. सासू-सासऱ्याचं घर असलं तरी ते सामायिक घर होऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. चार, पोरं तिच्याकडं राहावीत आणि खर्च मिळावा.

खर्चाबद्दल खरं ते सांगतो. नोकरदार नवरा असला तर पगारातून कापून घेता येतं. भट्टीवरच्या मजुराकडून महिन्याचे पैसे वसूल करणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. आपल्या बायांना पैशाच्या आदेशापेक्षा घरात आणि प्लॉटवर पाय रोवायचा आदेश जास्त उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

कायद्यात लिहिलं आहे की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत संपवायचा प्रयत्न व्हावा. साठ दिवसांत संपलेला अर्ज आम्ही अजून पाहिलेला नाही. म्हणून कलम २३ खाली तात्पुरता आदेश मागायचा. धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकताही बाईच्या शपथपत्रावर तो देता येतो. शपथपत्राला एन.सी.चा तो जुना कागद, दवाखान्याची चिठ्ठी, एफ.आय.आर.ची नक्कल जोडली. बघा, पोलिसातलं आधीचं काम इथं कामाला आलं.

तरी दोन तारखा फुकट गेल्या. नोटीस पाड्याच्या पत्त्यावर गेली आणि नवरा भट्टीवर होता. पाकीट परत आलं. मग भट्टीचं ठिकाण, भट्टीमालकाचं नाव देऊन पुन्हा नोटीस काढली. दिवाळीनंतर अर्ज करत असाल तर दोन्ही पत्ते पहिल्याच दिवशी द्या. तिसऱ्या तारखेला तात्पुरता आदेश मिळाला.

आदेशाची नक्कल कोर्ट फुकट देतं आणि हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही पाठवायची असते. पाठवली असेल या भरवशावर बसू नका. आम्ही तिच्याबरोबर ठाण्यात गेलो, नक्कल दिली, दुसऱ्या नकलेवर शिक्का आणि तारीख घेतली. एक नक्कल पोलीस पाटलाला आणि एक ग्रामसभेच्या फायलीत.

या कागदाचा खरा दम जूनमध्ये दिसला. पेरणीच्या वेळी नवरा आणि तो व्यापारी ट्रॅक्टर घेऊन प्लॉटवर आले, तिला ढकललं. अंगावर वळसुद्धा नव्हता. आधीच्या हिशेबानं ही एन.सी.सुद्धा धड झाली नसती. ठाण्यात पहिलं उत्तर मिळालंच, "हा जमिनीचा वाद, दिवाणी कोर्टात जा." तिनं आदेश पुढं ठेवला. प्लॉटचा नंबर आणि "अडवू नये" हे शब्द त्यात होते. संरक्षण आदेश मोडणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणं तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट तो झाला असं ठरवू शकतं. अर्ध्या दिवसाच्या वादावादीनंतर गुन्हा नोंदला. तो आठ दिवस आत राहिला. हाड मोडलं तेव्हा जे झालं नव्हतं, ते ट्रॅक्टर आणला तेव्हा झालं.

म्हणजे हा आदेश दिवाणीसारखा मिळतो, फार पुरावा न मागता, आणि मोडला की फौजदारी होतो. पण तो मोडेपर्यंत कुणाला शिक्षा करत नाही. आधीच्या मारहाणीची शिक्षा पाहिजे असेल तर फौजदारी वाटच धरावी लागते. दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. एक केली म्हणून दुसरी बंद होत नाही. ठाण्यात कुणी म्हणालं "तू कोर्टात अर्ज केलास, आता एफ.आय.आर. नाही," तर ते खोटं आहे. उलट कलम ५ प्रमाणं पोलिसांनीच बाईला दोन्ही वाटा सांगायच्या असतात.

एकच ठिकाणी थांबायचं नाही. जाळण्याचा प्रयत्न, कोयता, हाड मोडणं, पोरीवर हात टाकणं, असं असेल तर त्या रात्रीच ११२ लावा, दवाखान्यात जा, एफ.आय.आर. करा. अर्ज दोन दिवसांनी करता येईल. ठाण्यात घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती ठेवा.

आता तुमचा प्रश्न येणारच, पंच कशाला आहेत? एका म्हाताऱ्या बाबांनी सकाळीच विचारलं. बाबा, पंचांनी मिटवलं तर कोर्टाची हौस कुणाला आहे? पण या बहिणीच्या बाबतीत पंच तीनदा बसले. तिन्ही वेळा नवऱ्याकडून दंड घेतला आणि त्या दंडाची दारू झाली, तिला दिली ती समज. पंचांनी बैठक घेतली तरी बाईचा कोर्टाचा हक्क जात नाही. पंच बसलेच तर ठरलं ते ग्रामसभेच्या वहीत तारखेनिशी लिहा, बाईचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहा, दंड लावलाच तर तो बाईच्या हातात द्या. ती वहीसुद्धा पुढं कोर्टात दाखवता येते.

ती बहीण आज इथं आली नाही, प्लॉटवर लावणी चालू आहे. नवरा दिराकडं राहतो, पोरांना शाळेबाहेर भेटतो, त्याला तिची हरकत नाही आणि तसं तिनं कोर्टात सांगितलं आहे. फौजदारी केसची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. तोवर ती भट्टीवर जायची नाही, उचल घेतलेली नाही. तिच्या साक्षीच्या दिवशी कोण कोण सोबत येणार, त्यांनी नावं आत्ताच लिहून द्या.